सिंफनी ऑर्केस्ट्रा स्टेजवर बसवायचा कसा? खरा घोळ सेकंड व्हायोलिनचाच

मराठवाड्यात असा कार्यक्रम क्वचितच होतो, त्यामुळं ज्याच्यावर स्टेजची जबाबदारी येते तो नेटवरून एक अर्धगोलाचं चित्र काढतो आणि मंडपवाल्याच्या हातात देतो, मंडपवाला त्या चित्राप्रमाणं खुर्च्या मांडून मोकळा होतो आणि मग रिहर्सलला गोंधळ. त्या चित्रात कुणी कुठं बसायचं एवढंच असतं, का बसायचं ते कुणी सांगत नाही. ते कळलं की चित्राची गरज राहत नाही.

आधी एक पक्कं करा, खाली मी डावं-उजवं म्हणतो ते प्रेक्षकातून बघताना. स्टेजवाले पोरं उलटं धरतात, ह्यावरून भांडणं होतात.

उदाहरण म्हणून बीथोव्हेनची पाचवी सिंफनी घेऊ (पहिला प्रयोग व्हिएन्नात, डिसेंबर 1808). व्हायोलिनचे दोन गट असतात, फर्स्ट आणि सेकंड, वाद्य तेच पण वाजवायचं वेगळं. समजा लोक मोजकेच आहेत, फर्स्ट व्हायोलिन 10, सेकंड 8, व्हायोला 6, चेलो 5, डबल बास 3. बाकी संगीतकारानंच ठरवून दिलंय, फ्लूट 2 आणि पिकोलो 1, ओबो 2, क्लॅरिनेट 2, बसून 2 आणि काँट्राबसून 1, हॉर्न 2, ट्रम्पेट 2, ट्रॉम्बोन 3, टिंपनी वाजवणारा 1. झाले 50. तंतुवाद्यवाले दोघं मिळून एक स्टँड वापरतात, फुंकवाद्यवाल्याला ज्याचा त्याला वेगळा. म्हणजे तंतूचे 17, बाकीचे 18, कंडक्टरचा एक, असे 36 स्टँड. खुर्च्या 46, कारण बासवाले उंच स्टुलावर बसतात आणि टिंपनीवाल्याचंही स्टूलच असतं.

खुर्च्या बिनहाताच्या. हे लई वेळा सांगून थकलोय. मंडपवाल्याकडच्या हाताच्या प्लास्टिक खुर्च्यांवर बो, म्हणजे वाजवायचा गज, खाली यायला जागाच नसते, शिवाय त्यांची बैठक मागं उतरती असते, चेलोवाला त्यात रुतून बसतो. जेवणाच्या हॉलमधल्या सपाट गादीच्या खुर्च्या चालतात. स्टेजवर कारपेट किंवा सतरंजी अंथरली असेल तर गुंडाळून ठेवायला सांगा, "साहेब शोभा जाते" म्हणतील, जाऊ द्या. चेलो आणि बास खालच्या लोखंडी टोकावर उभे असतात, लाकडी फळ्या त्यांच्याबरोबर घुमतात, कारपेटवर ते घुमणं मरतं. टोक घसरत असेल तर खुर्चीच्या पायाला पट्टा बांधून त्यात टोक अडकवायची सोय चेलोवाल्यांकडं असते, त्याच्यासाठी अख्खं स्टेज झाकायचं कारण नाही.

दुसरं म्हणजे आपली नाट्यगृहं नाटकासाठी बांधलेली, आवाज वर दोऱ्यांच्या जागेत आणि दोन्हीकडच्या विंगेत जातो. म्हणून अख्खा संच होईल तेवढा पुढं ओढा. कंडक्टरचा चौथरा स्टेजच्या काठाजवळ मधोमध ठेवा, वीतभर उंच पुरे. त्याच्याभोवती अर्धगोल.

आता खरी डोकेदुखी.

फर्स्ट व्हायोलिन डावीकडं काठाला, ह्याच्यावर कुणाचा वाद नाही. मुख्य व्हायोलिनवादक, म्हणजे कॉन्सर्टमास्टर, पहिल्या स्टँडला प्रेक्षकाच्या बाजूला बसतो, सगळ्यांचे बो कुठं वर कुठं खाली जाणार ते तोच ठरवतो. प्रत्येक स्टँडवर प्रेक्षकाकडचा वाजवत राहतो आणि आतला पान उलटतो. प्रश्न आहे सेकंड व्हायोलिनचा. एक पद्धत अशी की डावीकडून फर्स्ट, त्याला चिकटून सेकंड, मग व्हायोला, उजव्या काठाला चेलो आणि चेलोच्या मागं बास. स्टोकोव्स्कीनं अमेरिकेत फिलाडेल्फियाला ही चालवली आणि आज बहुतेक ठिकाणी हीच किंवा चेलो-व्हायोलाची अदलाबदल करून दिसते. दुसरी पद्धत जुनी, एकोणिसाव्या शतकातली. फर्स्ट डाव्या काठाला, सेकंड बरोब्बर समोर उजव्या काठाला, मधे चेलो आणि व्हायोला, बास डावीकडं मागं.

लोक म्हणतात जुनं संगीत जुन्या पद्धतीनं बसवा, झालं. मला हा सल्ला अर्धवट वाटतो, ह्याच पायरीवर मी सगळ्यात जास्त डोकं फोडलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. व्हायोलिन डाव्या खांद्यावर धरतात आणि वरची पाटी, जिच्यात आवाज बाहेर पडायच्या दोन वळणदार फटी असतात, ती वाजवणाऱ्याच्या उजवीकडं झुकलेली असते. डावीकडं बसलेल्या फर्स्ट व्हायोलिनवाल्याचं तोंड मधे असतं, त्याची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षक, आवाज सरळ तुमच्याकडं. तोच माणूस उचलून उजव्या काठाला बसवा, आता त्याची उजवी बाजू मागच्या पडद्याकडं. तेच वाद्य, तेवढाच जोर, पण आवाज पाठमोरा. आणि आपल्याकडच्या हौशी संचात सेकंडमधे कोण असतं? नवीन पोरं. आधीच हात हलका, वरून आवाज मागं पळतोय, म्हणजे दहाव्या रांगेत सेकंड व्हायोलिन नुसती दिसतात.

पण मग शेजारी बसवून विषय संपवावा का, तर तसंही नाही. त्चायकोव्स्कीची सहावी सिंफनी (1893), शेवटची मूव्हमेंट, म्हणजे सिंफनीचा शेवटचा भाग, सुरू होते तिथं त्यानं चाल फर्स्ट आणि सेकंडमधे एकेक सूर वाटून दिलीय, एक सूर हे वाजवणार, पुढचा ते, पूर्ण चाल कुणा एकाकडं नाहीच. दोघं आमनेसामने असतील तर ती चाल स्टेजच्या दोन टोकांमधे हेलकावत ऐकू येते. शेजारी बसवले तर एकच गुळगुळीत चाल, वाटून दिल्याचं कळतसुद्धा नाही.

आपल्या पाचव्या सिंफनीत गंमत वेगळी आहे. तिसऱ्या मूव्हमेंटचा मधला भाग आधी चेलो-बास खालच्या सुरात घाईघाईनं सुरू करतात, मग तेच घेऊन व्हायोला आणि बसून येतात, मग सेकंड, मग फर्स्ट. पहिल्या पद्धतीत तंतूंचा हा पाठलाग उजव्या काठावरून निघून एकेक गट पार करत डाव्या काठाला पोचतो, डोळे मिटून बोट दाखवता येतं आत्ता कोण आलं. जुन्या पद्धतीत तो मधून सुरू होतो, उजव्या काठाला जातो आणि तिथून एकदम डावीकडं उडी मारतो. दोन्ही ऐकायला भारी. पण माझ्यासमोर 8 सेकंड व्हायोलिन आणि मागं काळा पडदा असेल तर मी गुमान पहिली पद्धत घेणार. सेकंड चांगले दमदार असतील, 12 तरी असतील आणि मागं लाकूड किंवा भिंत असेल तरच जुनी.

खात्री करायची असेल तर हाच तुकडा दोन्ही पद्धतीनं वाजवायला लावा आणि तुम्ही स्वतः दहाव्या रांगेत जाऊन बसा. स्टेजवर उभं राहून ठरवू नका, तिथं सगळंच ऐकू येतं. सेकंडची एन्ट्री आली हे बो हलताना बघून कळायलंय का कानानं, एवढंच तपासा. आणि पद्धत बदलली की चेलोबरोबर बासही डावीकडं हलवावे लागतात, हे लोक विसरतात, मग चेलो एकीकडं आणि बास दुसरीकडं, दोघांना एकमेकांचा खर्ज ऐकू येत नाही आणि ताल सुटतो.

व्हायोलाचं एवढंच की तो मधला भराव आहे, त्याला काठावर नेऊ नका आणि ट्रम्पेटच्या थेट पुढं टाकू नका.

तंतूंच्या मागं मधोमध वुडविंड, दोन रांगा. पुढं डावीकडं फ्लूट, उजवीकडं ओबो, मागं डावीकडं क्लॅरिनेट, उजवीकडं बसून. इथं एक चूक सगळीकडं दिसते, डावीकडून एक-दोन, एक-दोन असे नंबर टाकतात. तसं नाही, दोन नंबरचा फ्लूट, एक नंबरचा फ्लूट, एक नंबरचा ओबो, दोन नंबरचा ओबो. मागंही तसंच. म्हणजे चारी मुख्य वादक मधे एका चौकोनात येतात. तंतूंमधे दहाजण एकच सूर वाजवतात, इथं प्रत्येकाचा सूर वेगळा आणि उघडा, एकट्यानं वाजवायच्या जागा ह्यांच्याच वाट्याला. चौघांना एकमेकांचा श्वास ऐकू यायला पाहिजे. पिकोलो फ्लूटच्या बाहेरच्या टोकाला, काँट्राबसून बसूनच्या बाहेरच्या टोकाला. सुरुवातीला सगळे ज्याच्यावर सूर लावतात तो सूर एक नंबरचा ओबो देतो, तो मधे असल्यामुळं सगळीकडं सारखा पोचतो.

हॉर्न डावीकडं, क्लॅरिनेटच्या पलीकडं. ह्याचं तोंड मागं असतं, आवाज मागच्या भिंतीवर आपटून मग प्रेक्षकाकडं येतो. मागं जाड पडदा असेल तर तो आवाज पडदाच पिऊन टाकतो. पडदा वर घ्या, नाही जमलं तर हॉर्नच्या मागं प्लायच्या दोन उभ्या शीट टेकवा. आणि टिंपनी हॉर्नच्या पाठीशी कधीही नको, प्रत्येक ठोका त्या उघड्या तोंडातून वाजवणाऱ्याच्या ओठापर्यंत पोचतो.

ट्रम्पेट, ट्रॉम्बोन बसूनच्या मागं, मधून उजवीकडं. ह्यांचं तोंड सरळ पुढं, त्यामुळं एक तर दोन मीटर मोकळी जागा सोडा, नाही तर फूटभर उंच प्लॅटफॉर्मवर बसवा म्हणजे आवाज पुढच्याच्या डोक्यावरून जाईल. ट्रॉम्बोनची नळी पुढं हातभर सरकते, स्टँड त्या हिशोबानं बाजूला. आपल्या सिंफनीत ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून शेवटच्या मूव्हमेंटपर्यंत गप्पच असतात, पण तिसरी आणि चौथी मधे न थांबता जोडलेली आहे, सबब "नंतर या" म्हणू नका, सुरुवातीपासून बसवा.

टिंपनी मागं मधोमध, दोनच लागतात. तिसऱ्यातून चौथीत जाताना त्या अगदी हळू वाजत असतात, कंडक्टरचा हात नीट दिसला पाहिजे.

शेवटी प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून बघा, स्टँडच्या वरच्या कडेवरून कंडक्टरची छाती दिसते का. नुसतं डोकं दिसत असेल तर खुर्ची अर्धा फूट तिरकी करा. मग प्रत्येक खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना चिकटपट्टी लावा आणि पट्टीवर मार्करनं लिहा, कारण रात्री झाडू मारणारा सगळं गोळा करून भिंतीला लावतो आणि सकाळी कार्यक्रमाच्या दिवशी मंडपवाला फोन उचलत नाही.