आभाळ निळं का? बाटलीत दाखवा

राजहंसगडावर सूर्य बुडताना धाकटीनं विचारलं, "बाबा, दुपारी निळं होतं, आता तांबडं कसं?" घरी येऊन तिला दाखवलं ते असं.

एक लिटरची पारदर्शक बाटली पाण्यानं भरा, त्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका. खोलीत अंधार करून मोबाईलची बॅटरी बुडाला टेकवा. बाजूनं बघितलं की बुडाजवळचं पाणी किंचित निळसर दिसतं. उजेडात सगळे रंग असतात. दुधाचे बारीक कण त्यातला निळा जास्त उधळतात. आभाळात हेच काम हवेचे कण करतात, म्हणून दिवसा चहूकडून निळंच डोळ्यात येतं.

आता तोंडाकडून सरळ बॅटरीकडे बघा. पिवळट, नारिंगी! निळा वाटेतच उधळून गेला, उरला तो तांबूस. मावळता सूर्य तिरपा असतो, त्याच्या उजेडाला दुपारच्या तीसपट हवा ओलांडावी लागते.

पहिल्यांदा मी चमचाभर दूध ओतलं आणि सगळं पांढरंफटक झालं. तसं झालं तर अर्धं पाणी ओतून टाकून नवं भरा, निळसर दिसेपर्यंत असंच करत राहा. आणि खऱ्या सूर्याकडे मात्र टक लावून बघायचं नाही, हे पोरांना आधीच सांगा.