व्हीएआरवर ओरडण्याआधी या चुका टाळा

फुटबॉलची मॅच चारचौघांत बघायला बसलं की मध्यरेषेजवळ साधा फाउल सुटला तरी कुणीतरी ओरडतंच, "व्हीएआर झोपलाय का?" व्हीएआर म्हणजे खोलीत बसून व्हिडिओ तपासणारा सहायक रेफरी. तो झोपलेला नसतो, त्याला तिथे बोलायची मुभाच नसते. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दाखवलेलं कार्ड, मूळ यादी एवढीच. थ्रो-इन कुणाचा, हे त्यात नाही. मात्र चढाईच्या सुरुवातीला केलेल्या फाउलमुळे पुढचा गोल रद्द होऊ शकतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मैदानावर काय निर्णय झालाय हे न बघताच रीप्लेवर तुटून पडणं. व्हीएआरला 'बरोबर काय' असं विचारलेलंच नसतं. रेफरीचा निर्णय ढळढळीत चुकला का, किंवा काही गंभीर त्याच्या नजरेतून सुटलं का, एवढंच बघायचं असतं. म्हणून पायाला पाय लागल्याची एकसारखी दोन दृश्यं, एकीकडे दिलेली पेनल्टी टिकते, दुसरीकडे न दिलेली तशीच राहते.

ही चूक खुद्द व्हीएआरच्या खोलीत झाली तर काय होतं, ते 30 सप्टेंबर 2023 च्या टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात दिसलं. लिव्हरपूलच्या लुइस दियासने गोल केला आणि लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हीएआरने रेषा आखल्या. दियास ऑफसाइड नव्हता, रेषांचं काम चोख होतं. पण मैदानावर गोल दिलाय अशा समजुतीने व्हीएआरने "तपासणी पूर्ण" असं कळवलं. रेफरीने त्याचा अर्थ 'ऑफसाइड बरोबर' असा घेतला आणि फ्री किकने खेळ सुरू झाला. काही सेकंदांत खोलीत चूक कळली, खेळ थांबवा असंही कुणी सुचवलं, पण एव्हाना उशीर झाला होता. खेळ पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही. मारहाण, थुंकणं, चावणं किंवा चुकीच्या माणसाला कार्ड, असल्याच गोष्टींना अपवाद. लिव्हरपूल 2-1 ने हरलं.

माझी सवय साधी आहे: रीप्ले लागायच्या आधी मैदानावरचा निर्णय मोठ्याने म्हणायचा. "गोल नाही, ऑफसाइड." मग पडद्याकडे बघायचं. नवखी मंडळी थेट मोबाइलवरची क्लिप उघडतात, आणि क्लिपमध्ये नेमका हा निर्णयच कापलेला असतो.

स्लो मोशनवरून टॅकलचा जोर ठरवू नका. धक्का कुठे लागला यासाठी ती ठीक आहे, पण जोर नेहमीच्या वेगातच कळतो.

रेफरी मॉनिटरकडे गेला नाही म्हणजे त्याने टाळलं, असं नाही. ऑफसाइडची जागा किंवा चेंडू बाहेर गेला का, असल्या गोष्टी खोलीतूनच सांगता येतात. मॉनिटर लागतो तो हँडबॉल, फाउल अशा मत बनवायच्या प्रसंगांना, आणि तिथेही शेवटचा शब्द रेफरीचाच.

आणि खेळत असाल तर हवेत टीव्हीचा चौकोन काढत रेफरीच्या मागे लागू नका. त्यालाही पिवळं कार्ड आहे.