‘याला इंग्रजीत शब्दच नाही’ : भाषांतर करताना या चुका टाळा

भाषांतराच्या कामाला नवीन कोणी आलं की पहिल्या आठवड्यातच एक यादी घेऊन येतं. उष्टं, माहेर, सोवळं, लाड. म्हणे यांचं इंग्रजी होऊच शकत नाही. वीस वर्षं हेच काम करते आहे. या यादीतल्या शब्दांवर विचार करावा लागतो, पण त्यांनी माझं काम कधी बिघडवलं नाही. बिघडवलं ते ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही अशा शब्दांनी. त्यांच्याकडे शेवटी येते.

शब्द नाही म्हणजे कल्पनाच नाही, असं धरणं

उष्टं घ्या. इंग्रजीत त्याला एक शब्द नाही, हे खरं. पण ‘कोणाच्या तरी तोंडाला किंवा जेवत्या ताटाला लागलेलं अन्न’ एवढं कोणत्याही भाषेत सांगता येतं, आणि सांगितलं की कळतं. एका शब्दात नसणं वेगळं आणि सांगता न येणं वेगळं. या दोन्हींची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

घाईचा भाषांतरकार उष्ट्याला ‘लेफ्टओव्हर’ लिहून मोकळा होतो. पातेल्यात उरलेला भात लेफ्टओव्हर असतो, पण उष्टा नसतो. उलट आत्ता वाढलेल्या वाफाळत्या भाताचा एक घास कोणी घेतला की बाकीचा भात उष्टा झाला. त्यात उरण्याचा, शिळं होण्याचा काही संबंध नाही.

आता दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘आजी नातवाचं उष्टं संपवून उठली’ आणि ‘त्यांना मागच्या दाराशी उष्टं वाढलं जाई’. पहिल्यात माया आहे, अन्न टाकू नये ही सवय आहे. तिथे नातवाच्या ताटात जे राहिलं होतं ते आजीने खाल्लं, एवढं साधं इंग्रजी पुरतं. दुसऱ्यात अपमान आहे, बहुतेकदा जातीचा. तिथे ‘दुसऱ्यांच्या ताटांतून काढलेलं’ हे स्पष्ट लिहावंच लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की गरिबाला जेवण दिलं, चांगलंच केलं. शब्द एकच, पण इंग्रजी वाक्यं दोन. म्हणून मी शब्दकोश उघडण्याआधी तो शब्द त्या वाक्यात काय करतोय हे समासात मराठीतच लिहून काढते. तळटीप सगळ्यात शेवटचा उपाय. तळटिपेत उष्टं समजावून सांगायचं आणि वाक्यात मात्र ‘लेफ्टओव्हर’ ठेवायचं, याला मी आळस म्हणते.

त्या शब्दाला भाषेचा आत्मा म्हणणं

उष्टं हा शब्द संस्कृत ‘उच्छिष्ट’वरून आला. मग ही मराठीची खास ओळख का? हिंदीत जूठा आहे, गुजरातीत एंठुं, बंगालीत एँटो. कन्नडात एंजलु, तेलुगूत एंगिली, तमिळमध्ये एच्चिल. शेवटच्या तिन्ही भाषा द्राविडी, म्हणजे मराठीच्या कुळातल्याही नाहीत. तरी शब्द आहे, कारण तोंड लागलेल्या अन्नाचे नियम या सगळ्या प्रदेशात पाळले गेले. ज्याचे नियम असतात त्याला नाव लागतं. असा शब्द खरोखर काही सांगत असेल तर ते माणसांच्या रीतिरिवाजाबद्दल. मराठी भाषेच्या स्वभावाबद्दल तो काही सांगत नाही.

एस्किमोंच्या भाषांत बर्फाला शेकडो शब्द आहेत, ही गोष्ट याच जातीची. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने 1911 साली चार मूळ शब्दांचं उदाहरण दिलं होतं, पुढे सांगणाऱ्यांनी आकडा वाढवत नेला. त्यात त्या भाषा मुळाला प्रत्ययावर प्रत्यय जोडून एकच लांब शब्द बनवतात, आपण जिथे अख्खं वाक्य बोलू तिथे. मग ‘किती शब्द’ या मोजणीलाच अर्थ उरत नाही.

आणि शब्द असल्याने नजर बदलते का? थोडीशी. रशियनमध्ये गडद निळ्याला ‘सीनी’ आणि फिकट निळ्याला ‘गलुबोय’ असे दोन स्वतंत्र मूळ रंगशब्द आहेत. 2007 साली छापून आलेल्या एका प्रयोगात रशियन भाषकांना या सीमेच्या दोन बाजूंच्या छटा वेगळ्या ओळखायला किंचित कमी वेळ लागला. पण मनात आकडे घोकायला लावले की तो फायदा नाहीसा झाला. इंग्रजी भाषकांनाही दोन्ही छटा दिसत होत्याच. परिणाम आहे, पण एवढाच. ‘शब्द नाही म्हणून त्यांना दिसतच नाही’ असं यातून कोणी काढू नये.

छोट्या, पण रोजच्या चुका

‘परवा’ मागचा आणि पुढचाही, म्हणून मराठी माणसाला काळाचं भान नाही, असं लिहू नका. ‘परवा आला’ आणि ‘परवा येईल’ यात आजवर कोणी गोंधळलेलं नाही.

घरात ‘धन्यवाद’ म्हणत नाहीत म्हणून कृतज्ञता नाही, असंही नाही. ‘बरं झालं बाई, तू होतीस’ हे आभारच आहेत.

आणि माझी खरी तक्रार : ‘वुई’

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसनने 1959 साली एक फार कामाचा मुद्दा मांडला. भाषांमधला खरा फरक कोणती भाषा काय सांगू शकते यात नसतो. कोणती भाषा काय सांगायला भागच पाडते, यात असतो. इंग्रजी ‘वुई’ लिहिणाऱ्याला समोरचा माणूस त्यात धरलाय की नाही हे सांगावं लागत नाही. मराठीत सुटका नाही. ‘आम्ही जेवायला चाललोय’ म्हटलं तर तुम्ही घरी जा. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं तर चपला घाला.

काही वर्षांपूर्वी एका गृहनिर्माण सोसायटीला बिल्डरकडून इंग्रजी पत्र आलं. गच्चीच्या गळतीबद्दल होतं. सभासदांसाठी त्याचं मराठी करायला माझ्याकडे आलं, आणि मी ते हाताखालच्या मुलाला दिलं. हुशार मुलगा, पण घाई फार. ‘वुई शॅल बेअर द कॉस्ट’चं त्याने ‘खर्च आपण करायचा आहे’ केलं. मीही वरवर नजर फिरवून जाऊ दिलं, ती माझी चूक. फलकावर कागद लागला. निम्म्यांनी वाचलं, सगळे मिळून वर्गणी काढायची. काहींनी ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ असं घेतलं आणि बिल्डर आपल्यावरच ढकलतोय म्हणून तापले. रविवारच्या सभेत दोन तास भांडण झालं. मूळ पत्रात बिल्डर सगळा खर्च स्वतः करायला तयार होता. एक ‘आम्ही’ हवा होता.

यावरून मराठी माणूस आपलं-परकं जास्त मानतो, असं मात्र ठरत नाही. गुजरातीत असाच भेद आहे, अमे आणि आपणे. हिंदीत दोन्हीला ‘हम’. एकाच मजल्यावर तिन्ही भाषांची घरं असतात, आणि जेवायला कोणाला बोलावलंय हे सगळ्यांनाच कळतं. हिंदीवाला ते गरज पडली तर जास्तीच्या शब्दांनी सांगतो, एवढंच.

तेव्हापासून मी मराठीचं पहिलं अक्षर लिहिण्याआधी मूळ कागदावरच्या प्रत्येक ‘वुई’खाली पेन्सिलने रेघ मारते आणि वर ‘कोण कोण?’ लिहिते. मजकुरातून उत्तर मिळालं नाही तर अंदाज करत नाही, पत्र पाठवणाऱ्याला फोन करते. ‘अंकल’ आणि ‘फ्रेंड’खालीही रेघ, कारण काका की मामा, मित्र की मैत्रीण, हे मराठी विचारणारच. नव्या मुलांना हे वेळखाऊ वाटतं. त्यांना यादीतले सुंदर शब्द हवे असतात.

गच्चीचं ते पत्र सोमवारी पुन्हा बसून केलं. त्यात एकूण अकरा ‘वुई’ निघाले. नऊ ‘आम्ही’ झाले. दोन ‘आपण’ राहिले, दोन्ही बैठकीची तारीख ठरवण्याबद्दलच्या परिच्छेदात.