शाब्दिक उदाहरण सोडवताना आणि मांडताना या चुका टाळा

वहीत उत्तर चुकलेलं दिसलं की आपण आधी बेरीज-वजाबाकी तपासतो. तिसरी-चौथीच्या शाब्दिक उदाहरणांत मात्र पुष्कळदा आकडेमोड अगदी बरोबर असते. मुलाने गणितच दुसरं सोडवलेलं असतं. मी मुलांना शिकवताना एक उदाहरण हमखास देते, कारण या वयातल्या बहुतेक चुका त्या एकात सापडतात.

ताईकडे ५२ मणी आहेत. तिच्याकडे दादापेक्षा १७ मणी जास्त आहेत. तर दोघांकडे मिळून किती मणी आहेत?

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं उत्तर आहे ६९. मुलाने ‘जास्त’ हा शब्द पाहिला, ‘मिळून’ पाहिला आणि ५२ व १७ यांची बेरीज करून टाकली. यात मुलाचा दोष कमी आणि आपला जास्त आहे. ‘एकूण, मिळून, जास्त आलं की बेरीज, उरले, कमी आलं की वजाबाकी’ असं आपणच त्याला पाठ करून घेतलेलं असतं. पहिली-दुसरीच्या एका पायरीच्या उदाहरणांत हा नियम चालून जातो, म्हणून तो पक्का बसतो. पुढे ‘पेक्षा’ आलं की तो दगा देतो. इथे जास्त मणी ताईकडे आहेत आणि ताईचे मणी आपल्याला माहीतच आहेत. शोधायचे आहेत दादाचे, आणि ते कमी आहेत.

यावर मला एकच उपाय खात्रीचा वाटतो. आकड्याला हात लावण्याआधी मुलाने ते वाक्य दुसऱ्याच्या बाजूने म्हणायचं. ‘ताईकडे दादापेक्षा जास्त, म्हणजे दादाकडे ताईपेक्षा कमी.’ तोंडाने म्हणायला अडखळत असेल तर दोन पट्ट्या काढायला सांगा, एकाखाली एक, डावीकडची टोकं जुळवून. ताईची लांब, दादाची आखूड, आणि जेवढा तुकडा जास्त आहे त्यावर १७ लिहायचे. कुणाची पट्टी लांब काढायची हे ठरवताना मूल थांबून विचार करतं, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. चित्रात मणी मोजून काढायला लावू नका. ५२ गोल काढता काढता प्रश्न विसरतो.

दुसरी चूक लिहिण्यातली आहे आणि ती हुशार मुलंच जास्त करतात. ती एका ओळीत असं लिहितात:

```
५२ − १७ = ३५ + ५२ = ८७
```

उत्तर बरोबर आहे, म्हणून आपणही बरोबरची खूण करतो. पण ही ओळ वाचून पाहा. ‘बरोबर’ चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात. इथे ५२ − १७ हे ३५ + ५२ च्या बरोबर आहे असं लिहिलं गेलंय, आणि ते खोटं आहे. मुलाच्या मनात = चा अर्थ ‘आता उत्तर लिही’ एवढाच राहतो. मग पुढे ७ + ▢ = १२ आलं की ते चौकटीत १९ लिहितं. म्हणून उत्तर बरोबर असलं तरी ही ओळ मी पुन्हा लिहायला लावते. एका ओळीत एकच क्रिया करायची, आणि त्या ओळीच्या सुरुवातीला आपण काय शोधतोय ते शब्दांत लिहायचं.

मुलाला पाहून उतरवायला द्यायची मांडणी अशी असावी:

```
ताईचे मणी = ५२
दादाचे मणी = ५२ − १७ = ३५
दोघांचे मिळून मणी = ५२ + ३५ = ८७
उत्तर : दोघांकडे मिळून ८७ मणी आहेत.
```

डावीकडचे शब्द वाढवू नका. ‘दिलेल्या माहितीनुसार ताईकडे असलेल्या मण्यांची संख्या’ असं लिहून दिलं तर आठ-नऊ वर्षांच्या मुलाची शक्ती अक्षरं उतरवण्यातच संपते आणि गणितापर्यंत पोचताना ओळी वाकड्या होतात. दोन-तीन शब्द पुरेत. नुसतं ‘उत्तर : ८७’ मात्र चालवून घेऊ नका. शेवटचं वाक्य प्रश्नाचेच शब्द उलटून तयार होतं, त्यामुळे ते लिहिताना मूल प्रश्न पुन्हा वाचतं. दादाचे ३५ काढून तिथेच थांबलेल्या मुलाला इथेच कळतं की आपण अर्ध्या वाटेवर आहोत.

उभी वजाबाकी पानाच्या उजव्या बाजूला, रेघ मारून, पण वहीतच करायची. वेगळ्या कागदावर केलेलं कच्चं काम हरवतं आणि चूक कुठे झाली ते मग कुणालाच सापडत नाही.

```
  द ए
  ५ २
− १ ७
------
  ३ ५
```

चौकटीच्या वहीत एका घरात एकच अंक. वर ‘द’ आणि ‘ए’ लिहिलं की अंक सरकत नाहीत. इथे ठरलेली चूक म्हणजे ४५: दोनातून सात जात नाहीत म्हणून मुलाने सातातून दोन वजा केले. त्याला सावकाश म्हणायला लावा, ‘एक दशक सुटं केलं, पाचाचे चार राहिले, दोनाचे बारा झाले, बारातून सात गेले पाच, चारातून एक गेला तीन.’ सुटं केल्यावर ५ वर बारीक काट मारून वर ४ लिहायचा, आणि २ च्या वर १२. खोडरबरने ५ पुसून ४ केला तर मूळ संख्या ४२ दिसायला लागते आणि ताळा करताना घोळ होतो.

ताळ्याचं सांगायचं तर, नुसती बेरीज करून पाहणं अर्धंच काम करतं. ४५ आणि १७ मिळून ६२ होतात, ५२ नाही, म्हणून वजाबाकीची चूक सापडते. पण ज्याने ६९ लिहिले त्याची बेरीज बरोबरच आहे; ती कितीही वेळा केली तरी ६९ च येणार. त्याला उत्तर गोष्टीत परत ठेवायला सांगा. दोघांचे मिळून ६९ आणि त्यातले ५२ ताईचे, तर दादाचे राहिले १७. मग ताईकडे १७ जास्त आहेत का? नाही, ३५ जास्त झाले. इथे मूल स्वतःच म्हणतं, ‘चुकलं.’

भागाकारातही उत्तर असंच गोष्टीत परत ठेवायला हवं. एका बाकावर ४ मुलं बसतात, तर ३८ मुलांना किती बाकं लागतील? भागाकार ९, बाकी २, आणि बरीच मुलं ‘९ बाकं’ लिहून मोकळी होतात. उरलेली दोन मुलं कुठे बसली, एवढंच विचारा. त्यांनाही बाक लागतोच, म्हणून १०.

एक खबरदारी घ्यायला हवी. नेटकी उतरवलेली वही पाहून मुलाला कळलं असं समजू नका. पान झाकून तेच उदाहरण एक शब्द बदलून द्या: ताईकडे ५२ मणी आहेत, तिच्याकडे दादापेक्षा १७ मणी कमी आहेत. आता दादाचे ६९ आणि दोघांचे मिळून १२१. जे मूल ‘कमी’ वाचूनही पट्टी दादाची लांब काढतं, त्याला पुढच्या वेळी मांडणी पाहून उतरवायची गरज नाही.