वेळापत्रक बसवण्याआधीची तयारी आणि खोल्यांचा तक्ता

दोन वर्षांपूर्वी आमच्या माध्यमिक शाळेचे वेळापत्रक माझ्याकडे होते. वर्गनिहाय तक्ता स्वच्छ होता, शिक्षकनिहाय तक्ताही स्वच्छ होता, आणि तरीही पहिल्याच आठवड्यात गुरुवारी चौथ्या तासिकेला नववीचे अठ्ठावीस विद्यार्थी संस्कृतची पुस्तके घेऊन चित्रकला कक्षाच्या दारात उभे राहिले, कारण आत सहावी ब चा चित्रकलेचा तास सुरू होता. दोन्ही शिक्षक आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होते. मी खोल्यांचा तक्ता केलाच नव्हता, म्हणून ही टक्कर कोणत्याही कागदावर दिसण्याची शक्यता नव्हती. या वर्षी ज्यांच्याकडे हे काम आले आहे, त्यांनी पेन्सिल हातात घेण्यापूर्वी पुढील तयारी करावी.

तुकड्या, विषय, प्रत्येक विषयाच्या साप्ताहिक तासिका आणि कार्यभार वाटप मुख्याध्यापकांच्या सहीने हाती असावे. त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. शनिवार अर्धा असतो, हेही सर्वांना ठाऊक असते. आमच्याकडे पाचवी ते दहावीच्या प्रत्येकी दोन, अशा बारा तुकड्या आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज आठ आणि शनिवारी पाच, म्हणजे प्रत्येक तुकडीच्या आठवड्याला ४५ आणि सर्व मिळून ५४० तासिका होतात.

हा ५४० चा आकडा शिक्षकांच्या तासिकांची बेरीज समजू नये. माझी पहिली चूक तीच होती. आमच्याकडे आठवी ते दहावीत द्वितीय भाषेसाठी संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत आणि हिंदी-संस्कृत संयुक्त असे तीन पर्याय आहेत. त्या वर्षी नववीच्या दोन तुकड्यांत मिळून ११४ विद्यार्थी होते. त्यांपैकी ४० संपूर्ण हिंदीचे, ४६ संयुक्तचे आणि २८ संपूर्ण संस्कृतचे होते. म्हणजे या तासिकेला नववी अ आणि नववी ब एकाच वेळी फुटतात आणि दोन तुकड्यांचे तीन गट होतात. तीन गटांना तीन शिक्षक लागतात, आणि तीन खोल्याही लागतात. दोन गट आपापल्या तुकड्यांच्या वर्गांत बसतात; तिसऱ्या गटाची खोली कोणाच्याच नावावर नसते, म्हणूनच ती विसरली जाते.

तीन इयत्तांच्या आठवड्याला पाच-पाच भाषा तासिका धरल्या, तर अशा पंधरा जोडतासिका होतात आणि प्रत्येकीत एक गट जास्तीचा असतो. म्हणून खरी बेरीज ५५५ येते. त्या पंधरा जास्तीच्या तासिकांना खोली कोणती, हे वेळापत्रक बसवण्यापूर्वी लिहून ठेवावे. बसवल्यानंतर शोधू, असे ठरवू नये. आमच्या चित्रकला कक्षात पाचवी ते आठवीच्या आठ तुकड्यांचे प्रत्येकी दोन, म्हणजे सोळाच तास होते. त्यांत हे पंधरा मिळवले तरी ३१ होतात आणि आठवड्याच्या ४५ जागांत ते सहज मावतात. जागा अपुरी नव्हती. फक्त ती कोणत्या तासिकेला कोणाची आहे, हे कोठेही लिहिलेले नव्हते.

त्यामुळे तक्ते तीन करावेत: वर्गनिहाय, शिक्षकनिहाय आणि खोलीनिहाय. खोलीनिहाय तक्त्यात बारा वर्गखोल्यांसह चित्रकला कक्ष, विज्ञान प्रयोगशाळा, संगणक कक्ष आणि मैदान, सर्व असावे. प्रात्यक्षिकासाठी तुकडी प्रयोगशाळेत गेली की तिची वर्गखोली रिकामी होते, हेही त्याच तक्त्यात दिसते; मात्र त्या रिकाम्या खोलीत भाषेचा गट कायमचा बसवू नये, कारण प्रात्यक्षिक रद्द झाल्या दिवशी तुकडी परत आपल्या खोलीत येते.

आता भरण्याचा क्रम. जोडतासिका सर्वांत आधी बसवाव्यात, कारण त्यांत दोन तुकड्या, तीन शिक्षक आणि तीन खोल्या एकाच चौकटीत अडकतात. संयुक्त गटाच्या संस्कृतच्या भागासाठी दुसरा शिक्षक लागतो, हे येथेच तपासावे: संपूर्ण संस्कृतचा गट त्याच वेळी बसलेला असतो आणि एकच संस्कृत शिक्षक दोन्हीकडे जाऊ शकत नाही. आमच्याकडे पदवीला संस्कृत घेतलेल्या मराठीच्या बाई हा भाग शिकवतात, म्हणून त्या तासिकेला त्यांच्या नावावर अन्यत्र मराठी पडता कामा नये. आठवी, नववी आणि दहावीला हेच तिघे शिकवत असल्याने तिन्ही इयत्तांच्या जोडतासिका परस्परांवरही येऊ देऊ नयेत. त्यानंतर प्रात्यक्षिकांच्या सलग दोन तासिका, आणि त्या मधल्या सुट्टीने तुटणार नाहीत अशा जागी. मग अर्धवेळ शिक्षक, आणि शेवटी गणित, मराठी, इंग्रजी यांसारखे विषय.

ज्या शिक्षकांचे काही तास कनिष्ठ महाविद्यालयातही असतात, त्यांच्या बाबतीत तासिकेचा क्रमांक पाहू नये, घड्याळ पाहावे. आमची तिसरी तासिका १२.२५ ला सुरू होते आणि अकरावीचा शेवटचा तास १२.३० ला सुटतो. कागदावर हे दोन वेगळे तास आहेत; प्रत्यक्षात पाच मिनिटे वर्ग शिक्षकाविना राहतो, आणि शिक्षकांना जिना उतरून येण्याचा वेळ त्यात धरलेलाच नाही.

तपासणी नजरेने करू नये. एका शीटमध्ये प्रत्येक गटाची एक ओळ लिहावी आणि A ते E या स्तंभांत अनुक्रमे वार, तासिका, वर्ग, शिक्षक व खोली असावी. जोडतासिकेच्या तीनच ओळी येतात, त्यामुळे एकूण ओळी ५५५ भरल्या पाहिजेत. कमी भरल्या तर एखादा गट राहिला आहे. खोलीची टक्कर पुढील सूत्राने सापडते:

```
=COUNTIFS($A$2:$A$556,A2,$B$2:$B$556,B2,$E$2:$E$556,E2)>1
```

ज्या ओळीत TRUE येईल, तेथे एक खोली दोघांना दिली गेली आहे. E च्या जागी D घातल्यास शिक्षकांची टक्कर कळते. मैदान दोन तुकड्यांना चालत असेल, तर ‘मैदान १’ आणि ‘मैदान २’ अशी वेगळी नावे द्यावीत. खोलीचे नाव सर्वत्र अक्षरशः एकच असावे, कारण एका ओळीत ‘चित्रकला कक्ष’ आणि दुसरीत ‘चित्रकला खोली’ असे लिहिले, तर सूत्राला त्या दोन खोल्या वाटतात आणि टक्कर दडून राहते. खोलीचा स्तंभ एकाही ओळीत रिकामा नसावा. भाषेच्या तिसऱ्या गटाच्या पंधराही ओळी काढून, तेथे खोली लिहिली आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे.

नंतर अदलाबदलीच्या विनंत्या येतात. तोंडी होकार देऊ नये. दोन तासिका बदलल्या की वर्ग, शिक्षक आणि खोली, तिन्ही तक्ते दोन्ही जागी पुन्हा तपासावेत; अनेकदा शिक्षक जुळतात आणि खोली जुन्याच तासिकेवर राहून जाते.

एकाच विषयाचे दोन तास एका दिवशी नकोत, गणित रोज आठव्या तासिकेला नको. ऑफ तासिकांसाठी शिक्षकांच्या मोकळ्या तासिकांची यादी वेगळी काढावी. अंतिम प्रत तारखेसह लावावी, जुन्या प्रती काढून घ्याव्यात, आणि खोल्यांचा तक्ता शिक्षक कक्षातच न ठेवता चित्रकला कक्षाच्या आणि प्रयोगशाळेच्या दारावरही लावावा.