उसना आणलेला सोऱ्या वर्षाने परत करताना या चुका टाळा

दिवाळीच्या आधी शेजारच्या काकूंकडून चकलीचा पितळी सोऱ्या आणला. चकल्या झाल्या, सोऱ्या घासून फडताळात ठेवला, "उद्या नेऊन देऊ" म्हटलं आणि आता श्रावण लागला. काकूंनी एकदाही मागितला नाही, आणि नेमकं त्यामुळेच त्यांच्या दारात जायला संकोच वाटतो. उशीर झाला म्हणून लाज आणि लाजेपायी आणखी उशीर, हे चक्र बऱ्याच घरांत चालू असतं. ते थांबवायला फार काही लागत नाही, पण काही चुकांमुळे उगाच अवघडलेपण वाढतं.

पहिली चूक म्हणजे निमित्ताची वाट बघणं. "आता दिवाळीच्या फराळाबरोबरच देऊ" हा विचार वरवर छान वाटतो, पण धनत्रयोदशीला हातात आलेल्या सोऱ्याचा काकूंना काय उपयोग? त्यांच्या चकल्या तोवर डब्यात जाऊन बसलेल्या असतात. शिवाय पुष्कळ घरांत गौरींपुढे फराळ मांडतात, त्यात चकली असतेच. म्हणजे खरी मुदत दिवाळी नसून भाद्रपद आहे. भाजणी दळून आणायच्या आत सोऱ्या घरी पोचला, तर उशिरा का होईना, वेळेवर पोचला असं होतं. कुठलीही उसनी वस्तू असो, धन्याला ती पुढच्या वेळी कधी लागेल ते आठवा आणि त्याच्या आधी नेऊन द्या.

दुसरी चूक वस्तूच्या अवस्थेबद्दलची, आणि इथे जरा बारकाईने बघायला हवं. फडताळातून काढला आणि तसाच पिशवीत घातला, असं करू नका. वर्षभर पडून राहिलेलं पितळ काळवंडतं, ओल राहिली असेल तर फिरकीच्या आट्यांत हिरवट थर धरतो. चकल्यांच्या गडबडीत जाळीच्या भोकांत राहिलेलं भाजणीचं पीठ आता दगडासारखं झालेलं असतं. ते सुईने किंवा खिळ्याने टोकरू नका. चकलीचे काटे त्या चांदणीच्या धारेवर अवलंबून असतात, ती धार बिघडली की चकली गुळगुळीत पडते. जाळ्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा आणि झाडूच्या काडीने पीठ ढकलून काढा. मग सगळा सोऱ्या चिंच आणि मिठाने घासा, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवा. चिंच तशीच राहिली तर पितळेवर डाग पडतात. फिरकी जड फिरत असेल तर आट्यांना खाण्याच्या तेलाचं बोट लावा.

आता जाळ्या मोजा. चकलीची, बारीक शेवेची, जाड शेवेची, जेवढ्या आल्या तेवढ्या परत जायला हव्यात. उसन्या सोऱ्याची एखादी जाळी हमखास आपल्याच चमच्यांच्या खणात सापडते. खरंच हरवली असेल तर नवी मिळू शकते, मात्र जाळ्यांचा घेर सगळीकडे सारखा नसतो. म्हणून सोऱ्या बरोबर घेऊनच भांड्यांच्या दुकानात जा. पुण्यात असाल तर तुळशीबागेत विचारा. जुन्या मापाची मिळालीच नाही, तर तांबट आळीत कोणी बनवून देईल का, याची चौकशी करून बघा. तिथेही जमलं नाही, तर काकूंना स्वतःहून सांगा, "जाड शेवेची जाळी माझ्याकडून हरवली, मापाची शोधतेय." त्यांना ऐन गौरीच्या आदल्या दिवशी डबा उघडल्यावर कळावं, यासारखं वाईट दुसरं नाही. सोऱ्यावर सासूबाईंचं किंवा आईचं नाव कोरलेलं असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. असा सोऱ्या हरवला तर नवा आणून भरपाई होत नाही.

तिसरी चूक बोलण्यातली, आणि सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. एकतर माणूस अजिबात विषय काढत नाही, पिशवी ओट्यावर ठेवतो आणि हवापाण्याच्या गप्पा मारतो. नाहीतर उलट टोक:

"काकू, मला तोंड दाखवायला जागा नाही हो! काय करू, मुलांच्या परीक्षा, मग सासऱ्यांचं ऑपरेशन, मग आमच्याकडे रंगकाम निघालं, रोज आठवण व्हायची पण… तुम्ही रागावला असाल ना?"

यात दोन गोष्टी चुकतात. कारणांची यादी वाढली की माफी मागे पडते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याकडून निकाल मागताहेत. आणि "रागावला असाल ना" या प्रश्नाला काकू "छे गं, जाऊ दे" याशिवाय काय म्हणणार? म्हणजे सोऱ्याविना अडल्या त्या, आणि समजूतही त्यांनीच काढायची. "तुम्हाला लागला नसेल ना?" हा प्रश्नसुद्धा टाळा. लागला असेल तर त्यांना खोटं बोलावं लागतं.

त्यापेक्षा आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर एवढं लिहा:

"काकू, तुमचा सोऱ्या दिवाळीपासून माझ्याकडेच आहे. इतके महिने ठेवून घेतला, माझं चुकलं, माफ करा. उद्या संध्याकाळी सहाला आणून देते, घरी आहात ना? आणि मनापासून थँक्यू, त्याच्यामुळे आमच्याकडे पहिल्यांदा घरच्या चकल्या झाल्या. बाबांनी तर पाडवा यायच्या आत डबा संपवला."

चूक एका वाक्यात, माफी दोन शब्दांत, वेळ नक्की, आणि आभार त्या सोऱ्याने तुमच्या घरी काय केलं त्याचे. नुसतं "खूप खूप आभारी आहे" ऐकून कोणाच्या चेहऱ्यावर हसू येत नाही. बाबांचा डबा ऐकून येतं. उशिराबद्दल थोडी गंमत करायचीच असेल, तर माफी मागून झाल्यावर करा: "आमच्या फडताळात अगदी माहेरपणाला आल्यासारखा राहिला." आधी गंमत केली तर माफी खरी वाटत नाही.

सोऱ्या वॉचमनकडे ठेवणं किंवा पोराच्या हाती धाडणं ही आणखी एक चूक. दोन दिवसांनी परत केला असता तर चाललं असतं, इतक्या महिन्यांनी स्वतःच जायला हवं.

रिकामं भांडं परत करू नये ही रीत आपल्याला माहीत आहेच. ती पाळा, पण बेताने. डब्यात मूठभर साखर, दोन लाडू किंवा घरचं लिंबाचं लोणचं पुष्कळ झालं. महागडा सेट नेलात तर काकूंना परतफेडीची चिंता लागेल. आणि त्याच सोऱ्यातून ताज्या चकल्या करून न्यायचा मोह होत असेल तर आवरा, त्या पायी अजून दोन आठवडे जातील.

एवढं करूनही काकू म्हणू शकतात, "अगं, राहू दे तुझ्याकडेच, मी नवा स्टीलचा घेतला." ही सभ्यता आहे की मनापासूनचं बोलणं, हे लगेच ओळखता येत नाही. म्हणून सोऱ्या त्यांच्या हातात द्याच आणि नवा घ्यावा लागला याबद्दल पुन्हा एकदा सॉरी म्हणा. त्यांनी झाकण उघडून जाळ्या बघितल्या, पुसून कपाटात ठेवला, तर तो त्यांना हवा होता. त्यांनी तोच तुमच्या पिशवीत परत घातला, तर आनंदाने घ्या आणि सांगा, "मग या दिवाळीत तुमच्या भाजणीच्या चकल्या पाडायला मी येते."