त्याच दोन टोकांवर मीटर कधी ०.३ दाखवतो कधी ०.१ : प्रेरित विद्युत क्षेत्र समजून घेताना या चुका टाळा

बारावीच्या पोरांना मी फिजिक्स शिकवतो, कोल्हापुरातच, आणि इंडक्शनचा धडा आला की दरवर्षी एक वाक्य सगळ्यांच्या वहीत असतं, "प्रेरित विद्युत क्षेत्र कॉन्झर्व्हेटिव्ह नसतं". पाठ सगळ्यांचं असतं. पण मीटर हातात दिला की तीच पोरं हे वाक्य विसरून "दोन टोकांतला व्होल्टेज" शोधायला लागतात, जणू तो एकच आकडा कुठंतरी ठरलेला आहे. म्हणून आता फळ्यावर काढत बसत नाही, सरळ कोअर टेबलवर ठेवतो.

शिवाजी उद्यमनगरात रिवाइंडिंग करणारे एक दादा ओळखीचे आहेत, त्यांच्याकडून जुन्या स्टॅबिलायझरमधला गोल टोरॉइड आणला, मेदूवड्यासारखा, मधे भोक. त्याचा २३० व्होल्टचा प्रायमरी शाबूत होता, वर टेपही चांगली होती, बाकीच्या वायरी इन्सुलेट करून टाकल्या. दादांनी आणतानाच सांगितलं, "सर, डायरेक्ट लावू नका, सिरीज बल्बवर लावा." ते अगदी बरोबर आहे, टोरॉइड चालू करताना पहिला झटका मोठा ओढतो आणि एमसीबी पडतो, शिवाय वाइंडिंगमधे शॉर्ट असेल तर १०० वॅटचा बल्ब लख्ख पेटून आधीच सांगतो. आमचा बल्ब जेमतेम लालसर सुद्धा झाला नाही, म्हणजे कोअर ठीक.

आधी एका वेढ्याला किती व्होल्ट मिळतात ते काढायचं. साधी इन्सुलेटेड वायर भोकातून दहा वेळा फिरवली, टोकांना मीटर लावला, ४.० व्होल्ट. म्हणजे कोअरला पूर्ण एक फेरी मारणाऱ्या कुठल्याही वाटेवर ०.४ व्होल्ट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

इथंच पहिली अडचण येते, आणि ती फिजिक्सची नाही. तो स्वस्तातला पिवळा मीटर असतो ना, त्याला एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्ट असते, त्यावर ०.१ व्होल्ट म्हणजे शेवटचा एकच अंक आणि तो पण नाचतो. त्याच्यावर हा प्रयोग करून "काही फरक दिसत नाही" म्हणू नका, एसीला २ व्होल्टची रेंज असलेला मीटर घ्या.

आता सर्किट. १०० ओहमचे चार रेझिस्टर, बास. तीन सिरीजमधे जोडले, म्हणजे ३०० ओहम, ते कोअरच्या बाहेरच्या बाजूला. एक १०० ओहमचा भोकात. कोअर दोन लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवलाय म्हणजे खालून वायर जाते. वरच्या जोडाला अ म्हणू, खालच्या जोडाला ब. अ पासून ब पर्यंत जायला दोन वाटा झाल्या, एक भोकातून १०० ओहमवरून आणि दुसरी बाहेरून ३०० ओहमवरून, आणि दोन्ही मिळून कोअरभोवती एक बंद फेरी. ०.४ व्होल्ट भागिले ४०० ओहम, करंट १ मिलिअँपिअर. म्हणजे बाहेरच्या तीन रेझिस्टरवर मिळून ०.३ व्होल्ट आणि भोकातल्या एकावर ०.१.

मीटर बाहेर ठेवला, लाल लीड अ ला, काळी ब ला, दोन्ही बाहेरच्या बाजूनेच. ०.३० दाखवला. मग काळी लीड ब वरून काढली, वरून भोकातून खाली घातली आणि परत त्याच ब ला लावली. ०.१०. जोड तोच, मीटर तोच, करंट तोच, फक्त लीड कुठून गेली ते बदललं.

मागच्या बेंचवरचा एक जण लगेच म्हणाला, "सर, मीटर गंडलाय." दुसरीनं सेल बघितला. तिसरा म्हणाला जोड ढिला हाय. हीच पहिली मोठी चूक, मीटरवर संशय घेणं. मीटर बरोबरच सांगतोय, आपण त्याला काय विचारलंय ते आपल्यालाच माहीत नाही. मीटर दोन टोकांमधला काही जन्मजात ठरलेला फरक मोजत नाही, तो स्वतःच्या लीडच्या वाटेवर विद्युत क्षेत्राची जी बेरीज होते ती दाखवतो. बॅटरी आणि रेझिस्टरच्या साध्या सर्किटमधे कुठल्याही वाटेने गेलं तरी बेरीज तीच येते म्हणून वाटेचं नाव घ्यायची कधी गरजच पडली नाही, आणि ती सवय इथं आडवी येते. मधे फ्लक्स, म्हणजे कोअरमधून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र, बदलत असेल तर "अ आणि ब मधे किती व्होल्ट" हा प्रश्नच अर्धवट आहे, "कुठल्या वाटेने" हे विचारावं लागतं.

रंकाळ्याला फेरी मारायला गेलात तर कुठूनही निघा, चढउतार कितीही असू दे, परत त्याच जागी आलात की उंची तीच असते. म्हणूनच प्रत्येक जागेला "इतकी उंची" असा एक आकडा देता येतो. पोटेन्शियल म्हणजे तसलाच आकडा. इथं कोअरभोवती एक फेरी मारून परत अ ला आलं की हिशोबात ०.४ ची भर पडलेली असते, दुसऱ्या फेरीत अजून ०.४. मग अ ला कुठला आकडा देणार? देताच येत नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह नाही याचा अर्थ एवढाच आणि इतका थेट आहे.

काही पोरं यातून भलताच अर्थ काढतात की ऊर्जा अक्षय्यतेचा नियम इथं मोडतो. अजिबात नाही. ०.४ व्होल्ट गुणिले १ मिलिअँपिअर, म्हणजे ०.४ मिलिवॅट रेझिस्टरमधे उष्णता होते आणि तेवढी पॉवर प्रायमरी वाइंडिंग लाइनमधून जास्तीची ओढते.

बेरजेत पण एक घोळ होतो. लूपमधे ०.४ निर्माण झाले, मग एकीकडे ०.३ आणि दुसरीकडे ०.१, ठीक, पण किरचॉफचा नियम म्हणतो फिरून आल्यावर बेरीज शून्य, ती कुठाय? एसी मीटर चिन्ह दाखवत नाही म्हणून हे लपतं. एका क्षणाला करंट अ कडून भोकातून ब कडे जात असेल तर बाहेरच्या बाजूने तो ब कडून अ कडे येतो. म्हणजे अ ते ब अशी बेरीज भोकाच्या वाटेने +०.१ आणि बाहेरच्या वाटेने −०.३. दोन्हीतला फरक ०.४, बरोब्बर एका वेढ्याचा. समीकरण म्हणून लिहायचं तर

∮ E·dl = −dΦ/dt

उजव्या बाजूला शून्य लिहायची सवय फक्त फ्लक्स बदलत नसतानाच चालते.

मग पुढचा प्रश्न हमखास येतो, "ते ०.४ व्होल्ट नेमके कुठं बसलेत? वायरच्या कुठल्या तुकड्यात बॅटरी काढू?" कुठल्याच नाही. तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स जवळपास शून्य आहे म्हणून तिच्यात एकूण क्षेत्र जवळपास शून्यच राहतं, वायरच्या पृष्ठभागावर चार्ज असे साचतात की प्रेरित क्षेत्र तिथं कापलं जातं आणि सगळा जोर रेझिस्टरमधे गोळा होतो. या साचलेल्या चार्जचं स्वतःचं क्षेत्र मात्र कॉन्झर्व्हेटिव्हच असतं, फेरीत त्याची बेरीज शून्य. तेव्हा चार्ज ०.४ ची वाटणी फक्त इकडून तिकडे करतात, फेरीच्या बेरजेत भर घालू शकत नाहीत. लूप एका जागी कापला तर करंट थांबतो, दोन टोकांना चार्ज साचतात आणि पूर्ण ०.४ त्या फटीत दिसतात, कुठंही कापा.

आता ती चूक जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती हुशार पोरं करतात. टोरॉइडमधे फ्लक्स जवळजवळ सगळा लोखंडाच्या आत असतो, बाहेर जिथं आपली वायर आहे तिथं चुंबकीय क्षेत्र नाहीच म्हटलं तरी चालेल. मग एक पोरगी म्हणाली, "सर, वायरीच्या जागी काहीच बदलत नाही, मग तिला कळतं कसं आत काय चाललंय?" तिचं म्हणणं पुढं असं होतं की तिथं कर्ल, म्हणजे त्या जागेच्या अगदी छोट्या लूपभोवतीची बेरीज, शून्य, म्हणून क्षेत्र कॉन्झर्व्हेटिव्ह. पहिला भाग खरा आहे. कोअरच्या बाहेर, कोअरला न वेढणारा छोटा लूप घ्या, बेरीज शून्यच येते, आणि म्हणूनच लीड बाहेरच्या बाहेर थोडी हलवली, वाकवली, तरी ०.३० चं ०.३० राहतं, हे हाताने करून बघा. पण कोअरच्या बाहेरच्या जागेला मधे भोक आहे, भोक म्हणजे इथं कोअरच. त्याला वळसा घालून येणारी वाट आकसून बिंदू करता येत नाही, मधे लोखंड आडवं येतं. प्रत्येक ठिकाणी कर्ल शून्य असूनही वळसा घातला की ०.४ मिळतात. चुंबकीय क्षेत्र वायरपर्यंत पोचायची गरज नाही, विद्युत क्षेत्र तिथं असतंच. लांब सोलेनॉइड घेतला आणि त्याच्याभोवती फेरीचे ०.४ व्होल्ट धरले तर केंद्रापासून १० सेंटिमीटरवर क्षेत्र ०.६४ व्होल्ट प्रति मीटर आणि २० सेंटिमीटरवर ०.३२. क्षेत्र निम्मं झालं, घेर दुप्पट झाला, फेरीचे ०.४ तसेच.

आणि वायर नसली तरी हे क्षेत्र असतं. १९४० मधे इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड कर्स्टनी पहिला चालणारा बीटाट्रॉन बांधला, त्यात निर्वात गोल नळीत इलेक्ट्रॉन बदलत्या फ्लक्सभोवती फिरत राहतात आणि प्रत्येक फेरीला थोडी थोडी ऊर्जा मिळवत २.३ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत गेले. क्षेत्र कॉन्झर्व्हेटिव्ह असतं तर फेरी पूर्ण झाल्यावर हातात शून्य उरलं असतं.

घरी करताना आकडे जुळले नाहीत तर आधी लीड कोअरच्या कुठल्या बाजूने गेलीय ते बोटाने माग काढत बघा, नव्वद टक्के वेळा घोळ तिथंच असतो. मग दोन्ही रीडिंगची बेरीज घ्या. ०.२९ आणि ०.११ आले तर काळजी नको, रेझिस्टर पाच टक्केवाले असतात आणि बेरीज ०.४० आहे. बेरीजच चुकत असेल आणि तुम्ही टोरॉइडऐवजी जुना चौकोनी ट्रान्सफॉर्मर वापरत असाल तर बाहेर गळणारा फ्लक्स लीडच्या लूपमधे शिरतोय, लीड रेझिस्टरला चिकटून न्या.

त्या दिवशी शेवटी मीटर गंडलाय म्हणणाऱ्यालाच मी लीड दिली. आधी त्यानं ती बाहेरून खाली, मग भोकातून वर, परत बाहेरून खाली अशी एक उलटी फेरी मारून ब ला लावायची होती, आणि लावायच्या आधी आकडा सांगायचा होता. थोडा वेळ वहीत खरडलं, मग म्हणाला, "झिरो पॉइंट सात." लावला. ०.७०.